पहिलीच्या वर्गातला पहिला नंबर

"किती मिळाले विचारलं तर म्हणते, मजा आली! आता त्या मजेचं मी काय करू, सांगा. भिंतीला लावू?"

हे गाऱ्हाणं पहिलीच्या बाईंच्या कानापासून जेमतेम वीतभर अंतरावर झालं. बाई वर्गातल्या लोखंडी कपाटाच्या मागे वाकून पुठ्ठ्याच्या फायलींचा गठ्ठा ओढत होत्या. गठ्ठा कपाटाच्या पायाला अडकला होता आणि बाईंची साडी गठ्ठ्याला. गाऱ्हाणं करणारे बेकरीवाले होते, हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. बेकरीवाल्यांचा आवाज नेहमी थोडा फुगलेला असे.

"तुमची निदान मजा तरी आली म्हणते," दुसरा आवाज आला. ही वकीलबाई. "आमचा म्हणतो, आज मी झुरळ मोजलं. एकच होतं. मी म्हटलं, मग पुढे? तर म्हणे, पुढे ते गेलं."

बाईंना हसू आलं आणि गठ्ठा सुटला. त्या कपाटामागून बाहेर आल्या तेव्हा बेकरीवाले आणि वकीलबाई एकदम फळ्यावरचं गोगलगाईचं चित्र निरखून बघू लागले.

शनिवारची दुपार होती. पहिलीच्या वर्गात सव्वीस मुलं, म्हणून सव्वीस खुर्च्या, आणि त्या सव्वीस खुर्च्या सहा वर्षांच्या माणसाच्या मापाच्या. पालक येत होते, खुर्चीकडे बघत होते, दुसरी खुर्ची कुठे दिसते का ते बघत होते आणि शेवटी देवाचं नाव घेऊन बसत होते. बसल्यावर प्रत्येकाचे गुडघे हनुवटीशी येत. एरवी कचेऱ्यांमधून चार माणसांना धाकात ठेवणारी मंडळी अशी पोटाशी पाय घेऊन बसली की बाईंना नेहमी त्यांची माया येई. आज मात्र मायेला फारशी जागा नव्हती. आज हात वर करून मतं घ्यायची होती.

झालं होतं असं. या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना मार्क देत नसत. त्याऐवजी प्रत्येक मुलाची एक निरीक्षण वही असे. मूल काय करतं, कसं करतं, कुठे अडतं, अडल्यावर काय करतं, हे बाई त्यात लिहीत. जोडीला मुलाच्या कामाची फाईल, म्हणजे वर्षभरातली चित्रं, अक्षरं, गणितं, तारखेसकट. ही पद्धत बाईंनीच आठ वर्षांपूर्वी हट्टानं सुरू करून घेतली होती. आणि गेल्या महिन्यात पालकांचं पत्र आलं होतं: पुढच्या सत्रापासून शंभरपैकी मार्क द्यावेत, क्रमांक काढावेत.

शाळेच्या मोठ्या बाई स्वभावानं गरीब. शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटे. त्यांनी सांगून टाकलं होतं, "शनिवारी तुम्ही त्यांना समजावा. मग हात वर करू. निम्म्याहून जास्त निघाले तर सोमवारपासून मी मार्कांचे तक्ते छापायला टाकते. माझा काही आग्रह नाही हो, पण मग माझाही नाइलाज."

बाईंना पद्धतीची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव अडकला होता तो एका मुलीत. तिला त्या मनातल्या मनात पाटीवाली म्हणत. पहिले कितीतरी महिने ही मुलगी पुस्तकातलं चित्र बघून वाचल्यासारखं करायची. बसचं चित्र असलं आणि खाली 'गाडी आली' असं असलं, तर ही खुशाल 'बस आली' म्हणून पान उलटायची. मग एक दिवस, कुणी काही न करता, तिला वाचता यायला लागलं. आणि ती सुटलीच. दारावरचं 'ढकला', कठड्यावरचं 'रंग ओला आहे', पाण्याच्या टाकीवरचं 'झाकण लावा', सगळं मोठ्यानं, दोनदा, बोट दाखवून. पाच दिवस वर्गात कुणाला दुसरं काही ऐकू आलं नाही. सहाव्या दिवशी ती आली ती तोंड शिवून. आज दोन आठवडे झाले. पुस्तक पुढे केलं की हात पाठीमागे घ्यायची आणि म्हणायची, "मला येत नाही." बाईंनी गोडीत विचारलं, गंमत करून विचारलं, मुद्दाम चुकीचं वाचून दाखवलं. ती खाली बघायची. अशा वेळी तिच्या हातात शंभरपैकी काहीतरी ठेवलं, तर हे दार कायमचं बंद होईल, अशी बाईंची धास्ती होती.

आणि ते पत्र लिहिणारा गृहस्थ होता पाटीवालीचाच बाप.

तो दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर चामडी बॅग घेऊन. वजनमापं तपासायची नोकरी. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, बरोबर निघाले की शिक्का मारायचा, खोटे निघाले की जप्त करायचे. अतिशय सरळ माणूस. शाळेच्या सहलीच्या डब्यातल्या केळ्यांची लांबी सारखी नाही, हे त्यानं एकदा वाईट न वाटू देता सांगितलं होतं. आज मात्र तो कुणाशी बोलत नव्हता. पोरीबद्दल त्याला सभा संपल्यावर बाजूला घेऊन विचारायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

"बसा सगळे," बाई म्हणाल्या. बसायला आता काही उरलं नव्हतं, तरी सगळ्यांनी थोडी हालचाल केली.

त्यांनी दोन कागद फळ्यावर लावले. एकावर माणूस म्हणजे एक गोल आणि त्यातूनच निघालेले दोन पाय. दुसऱ्यावर माणसाला मान, खांदे, बोटं, पट्टा आणि पट्ट्याला किल्ल्या.

"हे दोन्ही एकाच मुलीनं काढलेत. मधे सात महिने. पहिल्याला किती मार्क द्यायचे?"

"दोन," बेकरीवाले म्हणाले.

"दहापैकी?"

"शंभरपैकी. हातच नाहीत हो त्याला."

"बरं. आणि हे दोन मार्क तिला दिले असते, तर तिला काय कळलं असतं? हात काढायचे राहिलेत हे कळलं असतं?"

"दोन मिळाले हे कळलं असतं," वकीलबाई म्हणाली.

"तेच तर. मार्क मिळाला की मूल मार्क बघतं, चित्र बघत नाही. मोठी मुलंसुद्धा तेच करतात. वहीत मी सूचना लिहायची आणि खाली आकडा टाकायचा, म्हणजे सूचना लिहायचीच नाही असं आहे. मी तिला काही न देता नुसतं विचारलं, हा माणूस चहाचा कप कसा धरतो? ती हसली आणि हात काढायला बसली."

मागून जुळ्यांची आई म्हणाली, "पण बाई, आमचे दोघं एकाच दिवशी जन्मले, एकाच ताटात जेवतात. एक धडाधडा वाचतो, दुसरा अजून 'तीन' उलटा लिहितो. हे घरात कळायला नको का?"

"उलटा तीन या वयात निम्मा वर्ग लिहितो. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बहुतेकांचा आपोआप सरळ होतो. दात कसे पडतात? एकाचे पाचव्या वर्षी, एकाचे सातव्या. पाचव्या वर्षी पडले म्हणून आपण पेढे वाटतो का?"

"मी वाटले होते," आजोबा म्हणाले. हे कुणाचे तरी आजोबा होते, प्रत्येक सभेला येत आणि पहिल्या रांगेत बसत.

"सांगायचं काय, तर या वयात मुलांची वाढ एका रेषेत होत नाही. आज मागे दिसणारं मूल चार महिन्यांत पुढे असतं, आणि आज पुढे असणारं कधी नुसतं बसून राहतं. एका दिवसाच्या परीक्षेत त्या दिवशी झोप झाली होती का, एवढंच फार तर कळतं. म्हणून मी रोजचं बघते आणि लिहिते. तुम्ही वह्या वाचल्यात ना?"

"वाचल्या म्हणजे!" बेकरीवाले म्हणाले. "तोंडपाठ आहेत. त्याच बाबतीत एक विनंती होती. आमच्या पान चारवर तुम्ही लिहिलंय, 'अजून दोन अंकी बेरजेत गोंधळते.' त्यातला 'अजून' तेवढा काढता येईल का?"

"का हो?"

"दोन जातात ना."

"काय दोन जातात?"

बेकरीवाल्यांनी वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईनं खिडकीकडे.

"आणि आमचं 'हसतमुख आहे' काढा," जुळ्यांची आई म्हणाली. "त्याचा एक उणे होतो. त्यापेक्षा काही लिहिलं नाहीत तरी चालेल."

"हसतमुख असण्याचा उणे?"

"असं बघा बाई," वकीलबाई आता समजावणीच्या सुरात आली, "अभ्यासाबद्दल सांगण्यासारखं काही नसलं की माणूस स्वभावाबद्दल बोलतो. हा साधा अर्थ आहे. त्यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. मी अर्ध्या गुणापर्यंत खाली आणत होते, पण बहुमत एकावर होतं."

बाई खुर्चीत बसल्या. खुर्ची अर्थात छोटीच होती. आता सगळे एका उंचीवर आले.

मग हळूहळू, एकाचं वाक्य दुसऱ्यानं ओढत, सगळं बाहेर आलं. पहिल्या सत्राच्या वह्या घरी गेल्या, त्या रात्री पालकांच्या फोनवरच्या गटात कुणीतरी विचारलं होतं, "तुमच्या वहीत काय?" सगळ्यांनी आपापल्या पानांचे फोटो धाडले. पण वाक्यांची तुलना करायची कशी? 'प्रयत्न करतो' मोठं की 'आवडीने करते' मोठं? तेव्हा वजनमापवाले मदतीला आले. त्यांनी तीन रात्री बसून एक कोष्टक तयार केलं. 'स्वतः करते' म्हणजे दहा. 'मदतीने करते' म्हणजे सहा. 'प्रयत्न करते' चार. 'आवडीने' असेल तर वर एक. 'कधीकधी' असेल तर अर्धा कमी. 'अजून' असेल तर दोन कमी. 'चित्राच्या आधाराने वाचते' म्हणजे तीन. सगळ्यांनी त्याला मान्यता दिली, एवढा काटेकोर माणूस दुसरा कोण मिळणार! आणि मग बेरजा, शंभरपैकी आणून, क्रमांक.

"क्रमांक?" बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "म्हणजे लागले सुद्धा?"

"पहिले दहा गटात जाहीर केले," बेकरीवाले म्हणाले. "बाकीच्यांना ज्याचा त्याला खासगीत कळवला. साहेबांनी गोपनीयता पाळली हो, त्याबाबतीत बोलायला जागा नाही."

"आमचा अकरावा," आजोबा न विचारता म्हणाले. "अर्ध्या गुणानं दहावा हुकला. 'कधीकधी'मुळे."

"एक चौथा, एक एकोणिसावा," जुळ्यांची आई म्हणाली. "तेव्हापासून दोघं एका ताटात जेवत नाहीत."

"तुम्ही मुलांना सांगितलंत?"

"छे! कुणी नाही सांगितलं," तिनं डोळे मोठे केले. "फक्त चौथ्याला सांगितलं."

मोठ्या बाई आतापर्यंत दारात उभ्या राहून मान डोलावत होत्या. त्या म्हणाल्या, "तीन रात्री बसून! किती मेहनत घेतलीत हो तुम्ही सगळ्यांनी." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पुढे आणखी एकदा मान डोलावून गप्प झाल्या.

"अहो, पण ती वाक्यं अशी बेरजेची नाहीत," बाई म्हणाल्या. "दोन मुलांच्या वहीत मी 'मदतीने बेरीज करतो' लिहिलं असेल, तरी ते एक नाही. एकाला मणी लागतात, मणी दिले की तो तासभर एकटा बसतो. दुसऱ्याला मी शेजारी बसलेली लागते, मणी नकोत. मी त्याला गेल्या महिन्यातल्या त्याच्याशी जोडून बघते. ते वाक्य त्याच्या कालच्या दिवसाशी बोलतं, शेजारच्या पोराशी नाही. तुम्ही सव्वीस माणसांच्या चपला घेऊन त्यांची बेरीज केलीत."

"पण बाई," वजनमापवाले पहिल्यांदाच बोलले. "मोजलं नाही तर वाढतंय की नाही ते कळणार कसं? मी रोज बघतो. ज्याच्या दुकानात काटा नाही, तो अंदाजानं देतो. आणि अंदाज नेहमी देणाऱ्याच्या बाजूनं असतो."

प्रश्न प्रामाणिक होता. बाईंनी त्याला तसंच उत्तर दिलं.

"मी मोजते की. कुठले शब्द वाचले, किती अडला, अडल्यावर काय केलं, सगळं तारखेनिशी लिहिते. फाईल उघडा, दिसेल. फक्त एकच सांगा, तुम्ही काट्यावर पीठ ठेवता, तेव्हा पिठाला कळतं का आपलं वजन चाललंय?"

"नाही."

"तू सव्वाशे ग्रॅम कमी भरलंस, हे पिठाला कळतं?"

"नाही."

"पोरांना कळतं. आणि कळलं की ती वजन बदलतात. पुढच्या वेळी काट्यावर चढतच नाहीत. जे येतं तेवढंच करून दाखवतात, नवीन काही चुकून बघत नाहीत. आणि सहाव्या वर्षी चुकून बघणं हाच सगळा अभ्यास आहे."

वजनमापवाल्यांनी मान खाली घातली आणि बॅगेचं बक्कल लावलं, काढलं, लावलं.

बाईंना वाटलं, आता जरा पटलं. तेवढ्यात बेकरीवाले म्हणाले, "हे सगळं मान्य. पण मग आम्हाला एवढंच सांगा, की तो पहिला कोण?"

"कोण पहिला?"

"अहो, पहिला नंबर! शंभरपैकी शंभर आलेत त्याला. नाव लपवलंय फक्त. वहीच्या अगदी पहिल्या पानावरच त्याची नोंद सगळ्यांना दिलीत तुम्ही, नमुना म्हणून. आम्ही गटात सगळ्यांना शपथ घालून विचारलं, कुणी कबूल व्हायला तयार नाही."

"मला वाटत होतं यांचीच मुलगी," जुळ्यांची आई वकीलबाईच्या शेजारणीकडे बोट करून म्हणाली. "म्हणून मी महिनाभर बोलले नाही हिच्याशी."

"म्हणून होय!" शेजारीण म्हणाली. "मला वाटलं तुमची साखर परत करायची राहिली म्हणून."

"तो कुठल्या शिकवणीला जातो तेवढं सांगा," आजोबा म्हणाले. "नाव नको."

बाईंनी निरीक्षण वही उघडली. पहिलं पान. वर छापलेलं, 'ही वही कशी वाचावी'. खाली, 'नमुना नोंद'. नावाच्या जागी रेघ. आणि मग त्यांच्याच अक्षरात: स्वतः वाचते, आवडीने लिहिते, स्वतः बेरीज करते, गटात आवडीने काम करते. आठ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, कुठली नोंद कुठे येते ते दाखवायला, त्यांनी ते लिहिलं होतं. त्या संध्याकाळी त्यांना ताप होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे मूल नाहीच आहे."

"सोडलं का त्यानं शाळा?"

"नाही. ते कधी नव्हतंच. मी बनवलंय ते. समजावं म्हणून."

कुणाच्या तरी खुर्चीचा पाय कुरकुरला. सगळ्यांनी आपापल्या मनात त्या लपलेल्या मुलाचं घर, आई, शिकवणी, बदामाचं दूध, सगळं रचून ठेवलं होतं, ते एकेक करून खाली येत असावं. बेकरीवाले सगळ्यात आधी सावरले.

"म्हणजे... पहिला नंबर रिकामाच आहे?"

"रिकामा!" वकीलबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "मग तो रद्दबातल होतो. सगळे एकेक वर सरकतात."

"थांबा," आजोबा उभे राहिले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. ती त्यांनी हातानं सोडवली. "म्हणजे आमचा दहावा?"

"दहावा!"

"अभिनंदन!"

"एक तिसरा, एक अठरावा," जुळ्यांची आई बोटं मोजत म्हणाली. "म्हणजे दुसराही सुधारला!"

पाच मिनिटं वर्गात नुसता आनंदीआनंद होता. महिनाभर न बोललेल्या दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. जो तो शेजाऱ्याचा नवा नंबर विचारत होता, पूर्वी न सांगणारेही आता सांगत होते, चौदाचा तेरा, बाविसाचा एकवीस. मोठ्या बाईंचे डोळे पाणावले. "बघा," त्या बाईंना म्हणाल्या, "क्रमांकामुळे किती उत्साह येतो माणसांना."

बाई मात्र गणित करत होत्या. त्यांना गणित वेगळंच लागत होतं.

"सव्वीस मुलं," त्या म्हणाल्या, "आणि एक खोटं. म्हणजे तक्त्यात सत्तावीस नावं होती. सत्ताविसावं कोण होतं?"

आनंद थांबला. एकदम नाही, पंखा बंद केल्यावर थांबतो तसा, गरगरत, गरगरत. कुणी पर्स उघडली, कुणी फोन काढला. बेकरीवाल्यांना गोगलगाईच्या चित्रात पुन्हा काहीतरी दिसलं. बाईंच्या लक्षात आलं, हा प्रश्न इथं प्रत्येकाला माहीत होता, आणि महिनाभरात तो एकानंही विचारला नव्हता. ज्याचा नंबर पंधराच्या खाली होता, त्याला तर आपल्या खाली किती उरले, याची बेरीज करायचं धाडस नव्हतं.

"ते गोपनीय आहे," वकीलबाई म्हणाली.

"आणि आता तर सत्ताविसावा उरलाच नाही," आजोबा म्हणाले. "शेवटचा फार तर सव्विसावा."

"मुलाला कळलं असेल का?"

"कसं कळेल? कुणी सांगितलंच नाही," जुळ्यांची आई म्हणाली, आणि सगळ्यांनी घाईघाईनं माना हलवल्या. नाही, नाही, कुणी कशाला सांगेल.

मोठ्या बाईंना असलं अवघडलेपण सोसत नसे. त्या पुढे आल्या. "चला, मग हात वर करून घेऊ. बाईंनी छानच समजावलं. आता ज्यांना पुढच्या सत्रापासून मार्क हवेत, त्यांनी हात वर करा. एका मुलामागे एक हात. चौदा झाले तर मार्क."

हात वर होऊ लागले. बेकरीवाल्यांचा सगळ्यात आधी. त्यांचं म्हणणं, आता तर आपला सातवा झालाय, आता कशाला सोडा. आजोबांचा गेला. वकीलबाईचा गेला, पण कोपरापर्यंतच. जुळ्यांच्या आईनं दोन्ही हात वर केले.

"दोन कसे?" कुणीतरी विचारलं.

"दोन मुलं आहेत मला."

"एका माणसाचा एकच," बेकरीवाल्यांची शेजारीण म्हणाली.

"एका मुलामागे एक, असं मोठ्या बाई म्हणाल्या," वकीलबाईनं निकाल दिला. "शब्द स्पष्ट आहेत."

"आणि अठराव्याचा हात खरंच वर करायचा आहे का तुम्हाला?" बाईंनी हळूच विचारलं.

जुळ्यांच्या आईनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. तो थोडा खाली आला, मग तिनं तो पुन्हा वर केला, मग नुसता कानामागे नेऊन केस सारखे केले, आणि शेवटी वरच ठेवला.

मोठ्या बाई बोटानं मोजत वर्गभर फिरल्या. फिरून आल्या, पुन्हा मोजलं.

"तेरा."

"एक कमी कसा?" बेकरीवाले हात वर ठेवूनच मागे वळले. "पत्रावर तर चौदा सह्या होत्या."

सगळे वळले. दाराजवळच्या छोट्या खुर्चीत वजनमापवाले बसले होते. त्यांचे दोन्ही हात बॅगेवर होते.

"साहेब! अहो, हात!"

"पत्र तुम्हीच लिहिलंय ना?"

"दुखतोय का खांदा? मी धरून वर करू?" आजोबा म्हणाले.

वजनमापवाल्यांनी बॅगेचं बक्कल काढलं आणि आत बघितलं, जणू हात तिथं ठेवला होता. मग त्यांनी बॅग बंद केली. बाई आपल्या जागेवरून उठल्या होत्या. त्या त्याच्या शेजारी येऊन जमिनीवर बसल्या, नवीन वाचणाऱ्या मुलाशेजारी बसतात तशा, घाई न करता, पुढचा शब्द त्याचा त्याला सापडेपर्यंत.

"सत्ताविसावी आमची होती," तो म्हणाला.

कुणीतरी वर धरलेला हात हळूच मांडीवर ठेवला.

"सव्वीस मुलांत सत्ताविसावी. मी तीनदा करून बघितलं. 'चित्राच्या आधाराने'ला तीनाऐवजी चार दिले असते, तर चोविसावी आली असती. पण माझ्याच काट्याला मी कसा हात लावणार?"

"अहो, ठीक आहे हो," बेकरीवाले पुटपुटले. "पोरीला कुठे माहितीय? तुम्ही थोडंच सांगितलंत."

"मी नाही सांगितलं. तिच्या आईनंही नाही," तो म्हणाला. तो बाईंकडे बघत होता, बाकीच्यांकडे नाही. "दोन आठवड्यांपूर्वी तक्ता जेवणाच्या टेबलावर राहिला होता. ती खुर्चीवर चढली आणि बोट ठेवून वाचायला लागली. मोठ्यानं. सगळी नावं, वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता. चित्र एक नव्हतं त्यात, बाई."